फोटोतला पत्ता आणि चार घड्याळं

डिसेंबर २०१२ मधली गोष्ट. अँटिव्हायरस सॉफ्टवेअरमुळे जगभर नाव झालेले जॉन मॅकअफी मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातून परागंदा झाले होते. शेजाऱ्याच्या खुनाच्या तपासात तिथल्या पोलिसांना त्यांच्याशी बोलायचं होतं आणि मॅकअफींना पोलिसांसमोर यायचं नव्हतं. ‘व्हाइस’ या मासिकाची माणसं त्यांच्याबरोबर फिरत होती. ३ डिसेंबरला मासिकानं आपल्या संकेतस्थळावर मॅकअफींचा एक फोटो टाकला, वर ‘आम्ही त्यांच्याबरोबर आहोत’ अशी फुशारकीही मारली. कुठे आहोत हे अर्थातच सांगितलं नाही. पण फोटो आयफोन ४एसनं काढलेला होता आणि तो जसाच्या तसा चढवला गेला होता. काही तासांतच कुणीतरी फाइल उघडून आतले आकडे वाचले : सुमारे १५ अंश ३९ मिनिटं उत्तर, ८८ अंश ५९ मिनिटं पश्चिम. ही जागा बेलीझमध्ये नाही, शेजारच्या ग्वाटेमालात आहे, रिओ दुल्से नदीच्या परिसरात.

खरी गंमत पुढेच आहे. बिंग फुटल्यावर मॅकअफींनी सांगितलं की ते आकडे आपण मुद्दाम बदलले होते, पाठलाग करणाऱ्यांना चकवण्यासाठी. यावर विश्वास ठेवायचा की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. कारण आकडे बदलणं सहज शक्य होतं. लवकरच ते स्वतः ग्वाटेमाला सिटीत प्रकट झाले, आकडे खरेच होते हे त्यांनी मान्य केलं आणि ५ डिसेंबरला बेकायदा प्रवेशाच्या कारणावरून त्यांना अटक झाली. निकाल लागला तो माणूस समोर आल्यामुळे. नुसत्या त्या अक्षांश-रेखांशांकडे बघत राहून तो लागला नसता.

फोटोतल्या स्थानाबद्दल आपल्याकडे दोन टोकाच्या समजुती आहेत. एक, ‘जिओटॅग आहे म्हणजे पुरावा आहे’. दुसरी, ‘हे सगळं खोटं करता येतं, त्यामुळे कशालाच अर्थ नाही’. दोन्ही चूक आहेत. का ते समजायला फोटोच्या फाइलमध्ये थोडं डोकवावं लागेल.

फोनमधला नेहमीचा जेपीईजी फोटो म्हणजे दोन गोष्टींचं गाठोडं असतं. एक प्रत्यक्ष चित्र आणि दुसरी त्याच्या आधी, फाइलच्या सुरुवातीलाच ठेवलेली माहितीची छोटी कप्पेबंद नोंद. या नोंदीच्या पद्धतीला एक्झिफ म्हणतात. जपानमधल्या कॅमेरा उद्योगानं १९९५मध्ये ती ठरवली. कॅमेरा कुठल्या कंपनीचा, शटर किती वेळ उघडं होतं, फोटो केव्हा काढला, फोनला तेव्हा आपण कुठे आहोत असं वाटत होतं, हे सगळं त्या कप्प्यांत लिहिलेलं असतं. अक्षांशाचा कप्पा म्हणजे अंश, मिनिटं आणि सेकंद अशा तीन संख्या. शेजारी उत्तर की दक्षिण हे सांगणारं एक अक्षर. बस, एवढंच. त्यावर सही नाही, शिक्का नाही, कुलूप नाही. आकडे बदलले तरी चित्राच्या एकाही ठिपक्याला धक्का लागत नाही आणि चित्र बदललं तरी आकडे तसेच राहू शकतात. पाकिटावर पेन्सिलीनं पत्ता लिहावा तसा हा प्रकार आहे. पत्ता बहुतेक वेळा बरोबरच असतो, पण तो खोडून दुसरा लिहायला कुणाची परवानगी लागत नाही.

एक्झिफटूल नावाचं एक मोफत साधन आहे. कॅनडातल्या फिल हार्वी यांनी ते लिहिलं. फोटो तपासणारे जवळजवळ सगळेच ते वापरतात आणि बदलणारेही तेच वापरतात. पुण्यात काढलेला फोटो अलिबागला नेऊन ठेवायचा असेल, तर एवढी एक ओळ पुरते :

```
exiftool -GPSLatitude=18.6414 -GPSLatitudeRef=N -GPSLongitude=72.8722 -GPSLongitudeRef=E foto.jpg
```

कॉम्प्युटरला हात न लावणाऱ्यालाही हे जमतं. आयफोनच्या फोटो ॲपमध्ये आयओएस १५ पासून फोटोची तारीख आणि ठिकाण बदलण्याची सोय उघडपणे दिलेली आहे. ती कुणाला फसवायला दिलेली नाही. जुन्या अल्बममधले फोटो स्कॅन करून ठेवणाऱ्या माणसाला १९८४च्या लग्नावर आजची तारीख नको असते, म्हणून दिली आहे.

पण वरच्या ओळीत आपण काय विसरलो ते पाहा. फोन अक्षांश-रेखांशाबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहितो आणि तिचा कप्पा वेगळा असतो. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे. आपण फोटो अलिबागच्या किनाऱ्यावर नेला, पण उंची ५६० मीटरच राहिली. नकाशावर फोटो वाळूत आहे आणि उंचीच्या हिशेबानं घाटमाथ्यावर. फोनचं तोंड कुठल्या दिशेला होतं, स्थानात किती मीटरची चूक असू शकते, अशा आणखी काही कप्प्यांनाही आपण हात लावलेला नाही. घाईत केलेल्या बनावटीत असाच एखादा कप्पा मागे राहतो.

इथे लगेच ‘सापडला चोर’ म्हणून उडी मारू नये. समजा, अलिबागच्या किनाऱ्यावर अँड्रॉइड फोननं खरोखर काढलेल्या फोटोत उंची चक्क उणे ६० मीटरच्या आसपास दिसली. समुद्राखाली फोटो काढला की काय? तसं काही नाही. उपग्रहांवरून मिळणारी उंची पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून मोजलेली असते आणि आपल्या भागात खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या बरीच खाली आहे. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर हा फरक साठेक मीटरचा पडतो. काही फोन आणि ॲपं तो दुरुस्त करून लिहितात, काही तसाच लिहितात. म्हणून कसलेला तपासनीस आधी त्याच मॉडेलच्या फोननं, शक्य असेल तर त्याच जागी, स्वतः एक फोटो काढून पाहतो. त्या फोनची लिहिण्याची सवय कळली की मगच वेगळेपणाला अर्थ येतो.

बनावटीचा दुसरा मार्ग जास्त अवघड पेच टाकतो. यात फाइलला हातच लावत नाहीत, फोनलाच फसवतात. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ म्हणून एक भाग असतो. ॲप बनवणाऱ्यांना चाचणीसाठी खोटं स्थान देता यावं म्हणून तिथे सोय ठेवलेली आहे. ती चालू करून फोनला ‘तू अलिबागला आहेस’ असं सांगितलं, की कॅमेरा इमानदारीनं अलिबाग लिहितो. कप्पे एकमेकांशी जुळतात, कारण ते सगळे एकाच खोट्यावर एकाच वेळी लिहिले गेलेले असतात. अशा फाइलमध्ये खाडाखोड सापडणार नाही. तिची तपासणी बाहेरूनच करावी लागते : चित्रातली दुकानाची पाटी, डोंगराची रेघ, सावलीची दिशा, त्या दिवशीचा पाऊस, टॉवरच्या नोंदी.

स्थान काढून टाकणं तर याहून सोपं. बहुतेक वेळा ते कुणी काढत नाही, आपोआप निघतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लहान केलं जातं आणि एक्झिफमधली जवळजवळ सगळी माहिती वाटेत गळते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. फेसबुकवरून उतरवून घेतलेल्या फोटोतही स्थान राहत नाही. स्क्रीनशॉट ही तर नवीच फाइल, तिला मूळ जागेचा पत्ता नसतोच. अँड्रॉइड १० पासून वेगळी परवानगी नसलेल्या ॲपला फोटो देताना फोन स्वतःच स्थानाचे कप्पे रिकामे करून देतो. आयफोनवरही फोटो पाठवताना ‘लोकेशन’चं बटण बंद करता येतं. यामागचं कारण रास्त आहे. जुना सोफा विकायला काढणाऱ्या माणसानं घराचे अचूक अक्षांश-रेखांश अनोळखी लोकांना का वाटावेत? म्हणून फोटोत स्थान नसणं हा संशयाचा मुद्दा मानू नये. त्यावरून एवढंच कळतं की ही मूळ फाइल नसावी किंवा स्थानाची नोंद बंद होती.

आपल्याकडच्या कार्यालयांत ‘जिओटॅग फोटो’ म्हणून जे फिरतं ते आणखी निराळं असतं. फोटोच्या खाली काळी पट्टी, तिच्यात छोटा नकाशा, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ. ही पट्टी चित्रातच रंगवलेली असते. ती एक्झिफ नव्हे. व्हॉट्सॲपवरून शंभर वेळा फिरली तरी टिकते, म्हणून ती लोकप्रिय झाली. अशा पट्टीचे फोटो देणाऱ्या काही ॲपमध्ये ठिकाण आणि तारीख हातानं भरायचीही सोय असते. पट्टीवर काय लिहिलं आहे यापेक्षा पट्टीतला मजकूर आणि आतले कप्पे जुळतात का, हे पाहणं महत्त्वाचं. त्यासाठी मूळ फाइल हवी आणि नेमकी तीच कुणी मागत नाही.

आता वेळेकडे येऊ. माझ्या मते फोटोतला खरा साक्षीदार स्थान नव्हे, वेळ आहे. कारण स्थान एकाच ठिकाणी लिहिलेलं असतं, वेळ मात्र अनेक ठिकाणी लिहिलेली असते आणि ती निरनिराळ्या घड्याळांवरून येते.

पहिलं घड्याळ फोनचं किंवा कॅमेऱ्याचं. त्यावरून `DateTimeOriginal` हा कप्पा भरला जातो, म्हणजे शटर दाबलं तो क्षण, स्थानिक वेळेत. दुसरं घड्याळ उपग्रहांचं. `GPSDateStamp` आणि `GPSTimeStamp` हे कप्पे जागतिक प्रमाणवेळेत लिहायचे असतात, म्हणजे आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. तिसरं घड्याळ फोटोवर नंतर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरचं. ते `ModifyDate` बदलतं आणि बहुधा `Software` या कप्प्यात आपलं नावही सोडतं. चौथं घड्याळ फाइल ज्या यंत्रावर पडून आहे त्याचं. ती तारीख फोटोच्या आत नसते, ते यंत्र आपल्या वहीत ठेवतं. फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये आपण बघतो ती हीच, आणि चौघांत सर्वांत कमी भरवशाची. लोक मात्र नेमकी तीच आधी बघतात.

उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण आपल्याकडे दरवर्षी शेकडो ठिकाणी असा प्रश्न पडत असणार. एका गावात काँक्रीटच्या गटाराचं काम ३१ मार्च २०२४ पूर्वी पुरं व्हायला हवं होतं, नाहीतर निधी परत जाणार. ठेकेदारानं काम पूर्ण झाल्याचा फोटो दिला. एका सदस्याला शंका आली, कारण त्याच्या आठवणीप्रमाणे पाडव्यालाही तिथे नुसता खड्डाच होता. त्यानं मूळ फाइल मागून घेतली आणि ही आज्ञा दिली :

```
exiftool -a -G1 -s -time:all IMG_20240416_162011.jpg
```

उत्तरातल्या कामाच्या ओळी अशा :

```
[System]   FileModifyDate      : 2024:04:17 09:05:42+05:30
[IFD0]     ModifyDate          : 2024:03:28 16:20:11
[ExifIFD]  DateTimeOriginal    : 2024:03:28 16:20:11
[ExifIFD]  OffsetTimeOriginal  : +05:30
[GPS]      GPSTimeStamp        : 10:49:58
[GPS]      GPSDateStamp        : 2024:04:16
```

फोटो काढल्याची वेळ २८ मार्च, दुपारी ४ वाजून २० मिनिटं ११ सेकंद. तिच्यातून साडेपाच तास वजा केले की १०:५०:११ येतात. उपग्रहांची वेळ १०:४९:५८. फरक फक्त १३ सेकंदांचा आणि तो अगदी स्वाभाविक आहे, कारण शटर दाबताना फोन नवं स्थान शोधत बसत नाही, काही क्षणांपूर्वी मिळालेलंच लिहून टाकतो. म्हणजे घड्याळातली वेळ तंतोतंत जुळते. तारीख मात्र १९ दिवसांनी मागे आहे. नैसर्गिक बिघाड असा नसतो. बंद पडलेलं किंवा भरकटलेलं घड्याळ तास-मिनिटं सेकंदांपर्यंत बरोबर ठेवून फक्त दिवस चुकवत नाही. कुणीतरी तारखेचा आकडा बदलला आणि वेळ तशीच राहू दिली, असं ही जुळणी सुचवते.

कधी बदलला, शूटिंगआधी की नंतर? फाइलचं नाव पाहा. अनेक अँड्रॉइड फोन फोटो काढतानाच त्या क्षणाची तारीख-वेळ नावात घालतात. इथे नावात १६ एप्रिल आहे. फोनचं घड्याळ आधीच मागे लावून फोटो काढला असता, तर नावातही २८ मार्च आला असता. म्हणजे फोटो १६ एप्रिलला काढला आणि नंतर आतले दोन कप्पे बदलले, अशी शक्यता जास्त. यंत्राच्या वहीतली १७ एप्रिल सकाळची नोंद याला पूरक आहे, पण तिच्यावर भार टाकू नये. नुसती फाइल उतरवून घेतल्यानंही ती नोंद बदलू शकते. नावही बदलता येतं हे खरं. पण ठेकेदाराचं हित जुनी तारीख दाखवण्यात आहे. आपल्याविरुद्ध जाईल असं नाव तो मुद्दाम कशाला देईल?

एवढ्यावर प्रकरण सिद्ध झालं का? नाही. फोन घरात किंवा दाट वस्तीत असेल, तर तो वायफाय आणि टॉवरवरून स्थान ठरवतो आणि मग ‘जीपीएसची वेळ’ म्हणून फोनचंच घड्याळ लिहिलं जाऊ शकतं. या उदाहरणात दोन तारखा निराळ्या आहेत, त्यामुळे ती वाट बंद होते. पण दोन्ही जुळल्या असत्या, तर केवळ जुळल्या म्हणून फोटो खरा मानता आला नसता. पुढची पायरी म्हणजे त्याच फोनमधले आधीचे आणि नंतरचे फोटो मागणं. फोटो एकटा कधी येत नाही. १६ एप्रिलच्या दुपारी त्या फोननं आणखी चार फोटो काढलेले असतील, तर त्यांच्या मधोमध ‘२८ मार्च’चा एक फोटो कसा बसतो, हे ठेकेदारालाच विचारता येईल.

आयफोनच्या बाबतीत एक छान गोष्ट आहे. ॲपल आपल्या खासगी कप्प्यात फोन शेवटचा चालू केल्यापासून तो किती वेळ जागा आहे याचा आकडा लिहितं. एक्झिफटूल तो `RunTimeSincePowerUp` या नावानं दाखवतं. फोन झोपलेला असताना हा आकडा थांबतो, जागा असताना वाढतो आणि फोन बंद करून पुन्हा सुरू केला की शून्यापासून चालू होतो. आता फोन मधे बंद न करता दोन फोटो काढले. त्यांच्या वेळांमध्ये दहा मिनिटांचं अंतर लिहिलं आहे, पण हा आकडा चाळीस मिनिटांनी वाढला आहे. दहा मिनिटांत फोन चाळीस मिनिटं जागा राहू शकत नाही. तारखा बदलणाऱ्याला बहुधा हा कप्पा आहे हेच माहीत नसतं.

याउलट, निष्पाप तफावती कशा दिसतात हेही जवळून बघायला हवं, नाहीतर प्रत्येक फाइल गुन्हेगार वाटेल. पहाटे चार वाजता आषाढी वारीत काढलेल्या फोटोत स्थानिक तारीख १५ आणि उपग्रहाची तारीख १४ असते. आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजेपर्यंत जागतिक वेळेत आदला दिवसच चालू असतो. इथे एक दिवसाचा फरक नसेल तरच शंका घ्यावी. दोन वेळांमध्ये नेमका साडेपाच तासांचा घोळ दिसला, म्हणजे जीपीएसच्या कप्प्यात चुकून स्थानिक वेळ लिहिलेली असली, तर तो त्या ॲपच्या प्रोग्रामरचा दोष असतो. दुबईला राहणारा भाऊ गणपतीला घरी आला आणि त्याच्या कॅमेऱ्याचं घड्याळ तिकडच्याच वेळेवर राहिलं, तर त्याचे सगळे फोटो दीड तास मागे दिसतील, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. बॅटरी संपून तारीख मूळपदावर गेलेल्या जुन्या कॅमेऱ्याचे फोटो कित्येक वर्षं मागे दिसतात, पण तेही सगळे सारख्याच अंतरानं.

वेळेचा विभाग सांगणारा `OffsetTimeOriginal` हा कप्पा २०१६ सालच्या आवृत्तीत आला. त्याआधी सुमारे वीस वर्षं फोटोत नुसतीच ‘४ वाजून २० मिनिटं’ लिहिलेली असायची, कुठले चार हे न सांगता. जुन्या फोटोंची तपासणी करताना हे विसरलं की परदेशातला प्रत्येक फोटो खोटा ठरतो.

कॉम्प्युटरवरची एक गोष्ट तर रोज माणसांना गोंधळात टाकते. विंडोजमध्ये फाइल ‘क्रिएटेड’ २० एप्रिल आणि ‘मॉडिफाइड’ १६ एप्रिल असं दिसतं. जन्माआधीच बदल? तर असं की फाइलची नक्कल केली की नव्या जागी तिची जन्मतारीख नक्कल केल्याची पडते आणि बदलाची तारीख जुनीच राहते. याचा अर्थ फाइल २० तारखेला इथे आणली, एवढाच. अँड्रॉइडवर `IMG-20240418-WA0007.jpg` असं नाव असलेल्या फाइलमधली तारीखही फोटो काढल्याची नसते, व्हॉट्सॲपवर तो फोटो आला-गेल्याची असते. बातम्यांत अशा नावावरून ‘फोटो १८ तारखेचा’ असं छातीठोकपणे लिहिलेलं मी वाचलं आहे.

तेव्हा तफावत किती आहे यापेक्षा ती कोणत्या आकाराची आहे हे पाहावं. साडेपाच तासांचा ठोक फरक वेळेच्या विभागाकडे बोट दाखवतो. सगळ्या फोटोंत सारखा फरक घड्याळाकडे. काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा विस्कळीत फरक शिळ्या स्थानाकडे. ज्याच्या वेळेशी कुणाचं हित गुंतलेलं आहे अशा एकाच फोटोत, एकाच कप्प्यात, सोयीच्या दिशेनं पडलेला फरक मात्र माणसाच्या हाताकडे. आणि काहीच तफावत नसणं म्हणजे फोटो खरा, असं नव्हे. जाणकार माणूस सगळे कप्पे एकमेकांशी जुळवून लिहू शकतो.

कॅमेऱ्यानंच फाइलवर सही करावी, म्हणजे नंतरची खाडाखोड कळेल, असा प्रयत्न झालेला आहे. कॅननची अशी व्यवस्था २०१०मध्ये आणि निकॉनची २०११मध्ये रशियातल्या एल्कमसॉफ्ट या कंपनीनं भेदून दाखवली. सहीची किल्ली कॅमेऱ्यातून बाहेर काढता येत होती. २०२३मध्ये लायकानं नव्या, खुल्या पद्धतीची सही असलेला कॅमेरा बाजारात आणला. या सहीनं फाइल नंतर बदललेली नाही हे कळेल. फोटो काढताना यंत्राला मिळालेलं स्थान खरं होतं की नाही, हे सहीला कळत नाही.

न्यायालयात या सगळ्याला वेगळं वळण मिळतं आणि त्यातला एक महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याचा आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतला गेला का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणाचा. म्हणजे प्रश्न वेळेचाच होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं की मूळ यंत्रच न्यायालयासमोर ठेवलेलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर कायद्यानं सांगितलेलं प्रमाणपत्र द्यावंच लागेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या अनुसूचीत कलम ६३ खालच्या त्या प्रमाणपत्राचा नमुनाच दिला आहे आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहिण्याची जागा आहे. हॅश म्हणजे संपूर्ण फाइलवरून गणितानं काढलेला एक लांबलचक आकडा. एक्झिफमधला एक सेकंद जरी बदलला, तरी तो पूर्ण बदलतो.

म्हणून आपल्या शेतातल्या नुकसानीचा, अपघाताचा किंवा निकृष्ट कामाचा फोटो उद्या कामाला येईल असं वाटत असेल, तर फोन स्थानाची नोंद करतो आहे ना हे आधी पाहा, आकाशाखाली अर्धा मिनिट थांबून फोटो काढा आणि आजूबाजूचेही दोन-चार काढा. मूळ फाइल कापू नका, उजळवू नका, फोनमधून पुसू नका. पाठवायची झाली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि दुसऱ्यानं आणलेल्या फोटोवर निर्णय द्यायची वेळ तुमच्यावर आली, तर काळ्या पट्टीवर समाधान मानू नका, मूळ फाइल मागा.